गृहकर्जाचा व्याजदर: फ्लोटिंग घ्यावा की फिक्स्ड? पगारदार कर्जदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिक्स्ड आणि फ्लोटिंग यांत नेमका फरक काय, आणि ‘फिक्स्ड’ दर शेवटच्या हप्त्यापर्यंत तसाच राहतो का?

फ्लोटिंग म्हणजे बदलता दर. तो एखाद्या मापदंडाला बांधलेला असतो आणि तो मापदंड हलला की तुमचा दरही हलतो. फिक्स्ड म्हणजे करारात ठरलेल्या काळापुरता स्थिर राहणारा दर. या वाक्यातील ‘ठरलेल्या काळापुरता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण आपल्याकडे फिक्स्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गृहकर्जांत दर पहिली दोन, तीन किंवा पाच वर्षेच स्थिर असतो आणि त्यानंतर कर्ज आपोआप फ्लोटिंगवर जाते. पूर्ण वीस वर्षांसाठी स्थिर दर देणाऱ्या संस्था मोजक्या आहेत. शिवाय काही करारनाम्यांत असे कलम असते की बाजारातील परिस्थिती असाधारण बदलल्यास स्थिर दराचाही फेरविचार करण्याचा अधिकार संस्थेला राहील.

माझ्या एका सहकाऱ्याने फिक्स्ड समजून घेतलेल्या कर्जाचा हप्ता चौथ्या वर्षी बदलला, तेव्हा आम्ही दोघांनी त्याचे मंजुरीपत्र काढून वाचले. ‘पहिले 36 महिने’ ही अट पहिल्याच पानावर छापलेली होती आणि त्याखाली त्याची सहीही होती. विक्री प्रतिनिधीने तोंडी ‘फिक्स्ड आहे’ एवढेच सांगितले होते. म्हणून विचारण्याचा प्रश्न ‘दर फिक्स्ड आहे का’ हा नसून ‘कितव्या महिन्यापर्यंत फिक्स्ड आहे, आणि त्यानंतर तो कोणत्या मापदंडावर किती टक्के मिळवून ठरेल’ हा आहे. त्याचे उत्तर लेखी घ्यावे.

फ्लोटिंग दर कशावरून ठरतो?

1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना किरकोळ ग्राहकांची सर्व नवी फ्लोटिंग कर्जे बँकेबाहेरच्या मापदंडाला जोडणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, निवडला. रेपो दर अधिक बँकेचा ठरावीक फरक, ज्याला व्यवहारात ‘स्प्रेड’ म्हणतात, मिळून तुमचा दर होतो. रेपो 5.25 टक्के आणि स्प्रेड 2.75 टक्के असेल, तर तुमचा दर 8 टक्के. रेपो बदलला की हा बदल तुमच्या खात्यात निदान तीन महिन्यांतून एकदा तरी उतरला पाहिजे, असा नियम आहे.

स्प्रेड मात्र बँकेला मनास येईल तेव्हा वाढवता येत नाही. त्यातील जोखमीचा भाग तुमच्या पतस्थितीत लक्षणीय बदल झाला तरच बदलता येतो, म्हणजे हप्ते चुकवून पत घसरली तर तो वाढू शकतो. उरलेले घटक तीन वर्षांतून एकदाच बदलता येतात, आणि ऑक्टोबर 2025 पासून ग्राहकाच्या फायद्यासाठी ते त्याआधीही कमी करण्याची मुभा बँकांना मिळाली आहे.

गृहवित्त कंपन्यांना हा बाह्य मापदंडाचा नियम लागू नाही. त्यांचा फ्लोटिंग दर त्यांच्या स्वतःच्या मूळ कर्जदराला बांधलेला असतो आणि तो कधी, किती हलवायचा हे कंपनीच ठरवते. बँक आणि गृहवित्त कंपनी या दोघी आज एकच दर देत असल्या, तरी रेपो कमी झाल्यावर त्या तुमच्याशी सारख्या वागतीलच असे नाही. हा मुद्दा कर्ज घेतानाच लक्षात घ्यावा.

रेपो दर वाढला तरी माझा हप्ता तेवढाच राहिला. मग मला वाढीचा फटका बसला नाही, असे समजायचे का?

नाही. हा समज फार महाग पडतो, म्हणून येथे एक उदाहरण सविस्तर मांडतो.

समजा एका पगारदार कर्जदाराने वयाच्या 32 व्या वर्षी, रेपो 4 टक्के असताना, 30 लाख रुपये 20 वर्षांसाठी 6.75 टक्क्यांनी घेतले. हप्ता बसतो 22,811 रुपये. मे 2020 ते मे 2022 या काळात रेपो 4 टक्क्यांवर होता. 4 मे 2022 रोजी तो 4.40 झाला आणि टप्प्याटप्प्याने फेब्रुवारी 2023 मध्ये 6.50 टक्क्यांवर पोचला. अवघ्या नऊ महिन्यांत अडीच टक्क्यांची वाढ झाली. हिशेब सोपा राहावा म्हणून ही सगळी वाढ 24 हप्ते भरून झाल्यावर एकदम लागू झाली असे धरू.

त्या दिवशी शिल्लक मुद्दल सुमारे 28 लाख 48 हजार रुपये असते आणि नवा दर होतो 9.25 टक्के. या दराने एका महिन्याचे व्याज 21,953 रुपये. हप्ता मात्र तोच, 22,811 रुपये. म्हणजे त्या महिन्याच्या हप्त्यातून मुद्दलात गेले अवघे 858 रुपये. खातेउताऱ्यात व्याजाच्या रकान्यात 21,953 आणि मुद्दलाच्या रकान्यात 858 हे आकडे शेजारी शेजारी दिसतात, तेव्हा पगारातून कापल्या गेलेल्या पैशाचे काय झाले ते कळते. हप्ता न बदलता हे कर्ज फेडायला त्या दिवसापासून सुमारे 427 महिने लागतील, म्हणजे साडेपस्तीस वर्षे. मूळ करारानुसार उरले होते 216 महिने. चौतिसाव्या वर्षी उभा असलेला हा माणूस जवळजवळ सत्तराव्या वर्षी कर्जमुक्त होईल.

दर पुढे पूर्ण काळ 9.25 टक्केच राहील असे कोणी म्हणत नाही, आणि तो राहिलाही नाही. फेब्रुवारी 2025 पासून रेपो उतरत गेला आणि डिसेंबर 2025 मध्ये 5.25 टक्क्यांवर आला. परंतु मधल्या दोन वर्षांत मुद्दल जवळपास जागेवरच राहिलेले असते आणि ती दोन वर्षे परत मिळत नाहीत. कर्ज नुकतेच घेतलेले असेल तर परिस्थिती आणखी वाईट होते. 30 लाखांवर 9.25 टक्क्यांनी महिन्याचे व्याजच 23,125 रुपये होते. ते हप्त्यापेक्षाही जास्त असल्यामुळे हप्ता भरूनही कर्ज वाढत जाते.

मग बँका हप्ता न वाढवता मुदत का वाढवत होत्या?

मुदत वाढवणे दोघांनाही सोयीचे असते. हप्ता बदलायचा तर पगाराच्या खात्यातून आपोआप कपात करण्याचे आदेश अनेकदा नव्याने घ्यावे लागतात, ग्राहक नाराज होतो, एखाद्याचा हप्ता चुकतो. मुदत वाढवली तर ग्राहकाला काही जाणवतच नाही, आणि बँकेला व्याज जास्त काळ मिळते.

या पद्धतीला रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने लगाम घातला. दर बदलल्यामुळे हप्ता किंवा मुदत बदलत असेल तर ते कर्जदाराला लगेच कळवले पाहिजे. हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे, दोन्ही थोडे थोडे करणे किंवा काही रक्कम एकदम भरणे, असे पर्याय त्याला मिळाले पाहिजेत. मुदत इतकी वाढता कामा नये की हप्त्यातून महिन्याचे व्याजही फिटणार नाही. आणि दर तिमाहीला असा उतारा मिळाला पाहिजे ज्यात आजवर वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेल्या हप्त्यांची संख्या आणि वार्षिक दर ही माहिती असेल. उरलेल्या हप्त्यांचा आकडा आधी पाहावा. मागच्या तिमाहीपेक्षा तो तीनने कमी झालेला नसेल, तर दर किंवा मुदत हलली आहे हे नक्की.

मुदत वाढल्याचे लक्षात आले तर काय करावे?

वरच्याच उदाहरणात पर्याय तपासू. मूळ 216 महिन्यांतच कर्ज संपवायचे असेल तर हप्ता 22,811 वरून 27,116 रुपये करावा लागतो, म्हणजे महिन्याला सुमारे 4,305 रुपये जास्त. हप्ता तोच ठेवायचा आणि मुदतही वाढू द्यायची नसेल, तर सुमारे 4 लाख 52 हजार रुपये एकदम मुद्दलात भरावे लागतात. काहीच केले नाही आणि दर तसाच राहिला, तर पुढे एकूण सुमारे 97 लाख रुपये भरले जातात. हप्ता वाढवला तर तोच आकडा साधारण साडेअठ्ठावन्न लाख होतो.

पगारदार माणसाजवळ साडेचार लाख एकरकमी असतीलच असे नाही, पण त्याला दरवर्षी वेतनवाढ मिळते. म्हणून माझा सल्ला असा की पूर्ण 4,305 रुपयांची वाढ एकदम झेपत नसेल तर आज 2,000 रुपयांनी हप्ता वाढवून घ्यावा आणि पुढच्या वेतनवाढीनंतर उरलेली वाढ करावी. त्यासाठी शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि सुधारित परतफेडीचे वेळापत्रक मागून घ्यावे. तोंडी विनंतीवर थांबू नये.

आणि दर उतरल्यावर? तेव्हा हप्ता कमी करून घेण्याचा मोह टाळावा. पगाराची घडी त्या हप्त्यावर बसलेली असते, तो तसाच ठेवला तर मुदत झपाट्याने कमी होते.

या सगळ्या अनिश्चिततेपेक्षा थोडा जास्त दर देऊन फिक्स्ड घेणे बरे नाही का?

हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर ‘थोडा’ म्हणजे किती यावर अवलंबून आहे. फिक्स्ड दर साधारणपणे फ्लोटिंगपेक्षा वरचा असतो, कारण दर वाढण्याची जोखीम संस्था स्वतःकडे घेते आणि तिची किंमत पहिल्या दिवसापासून वसूल करते.

30 लाख, 20 वर्षे, फ्लोटिंग 8 टक्के आणि फिक्स्ड 9.5 टक्के असे समजू. फ्लोटिंगचा हप्ता 25,093 आणि फिक्स्डचा 27,964 रुपये. फरक 2,871 रुपये.

आता असा विचार करा की ज्याला फिक्स्डचा 27,964 रुपयांचा हप्ता झेपतो, त्याने कर्ज फ्लोटिंग घेतले पण हप्ता स्वतःहून 27,964 रुपयेच ठेवला. दर 8 टक्केच राहिला तर त्याचे कर्ज 240 ऐवजी सुमारे 189 महिन्यांत संपते, चार वर्षांहून अधिक आधी. तीन वर्षांनी दोघांच्या खात्यांत डोकावले तर फिक्स्डवाल्याचे 28 लाख 25 हजार शिल्लक असतात आणि या माणसाचे 26 लाख 77 हजार. हप्ता दोघांचा एकच, पण जवळजवळ दीड लाखांचा फरक पडलेला असतो. हा दीड लाख म्हणजे दर वाढल्यास वापरायची त्याची स्वतःची शिल्लक. चौथ्या वर्षाच्या आरंभी फ्लोटिंग दर सुमारे 10.35 टक्क्यांच्या पुढे गेला आणि उरलेली 17 वर्षे तिथेच राहिला, तरच तो फिक्स्डवाल्याच्या मागे पडतो. दर मधे वर जाऊन पुन्हा खाली आला तर तो बहुधा पुढेच राहतो.

म्हणून दीड टक्क्याचा फरक असताना मी पगारदार कर्जदाराला फ्लोटिंगच घेण्यास सांगतो, मात्र हप्ता फिक्स्डइतका ठेवण्याच्या अटीवर. ही अट पाळायची नसेल तर वरचा सगळा हिशेब लागू होत नाही. फरक पाऊण टक्क्याच्या आत असेल आणि दर खरोखर पूर्ण मुदतीसाठी स्थिर असेल, तर फिक्स्डचा गांभीर्याने विचार करावा.

फिक्स्ड कोणासाठी योग्य ठरतो?

ज्या घरात एकच पगार येतो, हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याजवळ आहे आणि महिन्याला चार हजारांची वाढ म्हणजे मुलांच्या फीला हात लावणे असा अर्थ होतो, त्या घराला निश्चितपणाची किंमत मोजणे योग्य ठरू शकते. तसेच कर्ज चार-पाच वर्षांतच फेडायचे ठरलेले असेल आणि त्या काळापुरता स्थिर दर फ्लोटिंगच्या जवळपास मिळत असेल, तरीही फिक्स्ड चालतो. मात्र या दुसऱ्या प्रकरणात मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क आधी पाहावे लागते.

परंतु पहिल्या प्रकरणात एक प्रामाणिक शंका विचारावीशी वाटते. फ्लोटिंगची वाढ झेपणार नाही म्हणून फिक्स्ड घ्यायचा, तर फिक्स्डचा हप्ता त्या वाढीइतका आजच जास्त आहे. तो आज झेपतो का? झेपत नसेल तर प्रश्न दराच्या प्रकाराचा नसून कर्जाच्या रकमेचा आहे.

मुदतपूर्व परतफेडीला शुल्क लागते का?

व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग गृहकर्जावर नाही. 2012 पासून बँका असे शुल्क आकारू शकत नाहीत, मग पैसे बोनसचे असोत की दुसऱ्या बँकेत कर्ज हलवण्यासाठी आलेले असोत. फिक्स्ड कर्जावर मात्र करारात लिहिलेले शुल्क लागू शकते. सुरुवातीला फिक्स्ड आणि पुढे फ्लोटिंग असलेल्या कर्जात, फेड करताना कर्ज कोणत्या टप्प्यात आहे हे पाहिले जाते. दरवर्षी बोनसमधून मुद्दल कमी करण्याचा बेत असणाऱ्या पगारदारासाठी फ्लोटिंगचा हा मोठा फायदा आहे, आणि दरांची तुलना करताना तो बहुधा विसरला जातो.

रेपो कमी झाला, शेजाऱ्याचा दर उतरला, माझा तसाच आहे. असे का?

बहुधा तुमचे कर्ज जुन्या पद्धतीवर आहे. एप्रिल 2016 ते सप्टेंबर 2019 या काळातली बरीच बँककर्जे एमसीएलआर या बँकेच्या स्वतःच्या खर्चावर आधारलेल्या दराला बांधलेली आहेत आणि त्यांचा दर अनेकदा वर्षातून एकदाच बदलतो. त्याआधीची कर्जे बेस रेटवर, तर 2010 पूर्वीची त्याहूनही जुन्या पद्धतीवर असू शकतात. अशा कर्जदाराने बँकेकडे रेपोशी जोडलेल्या दरावर जाण्यासाठी अर्ज करावा. त्यासाठी थोडे शुल्क लागते, पण मुदत बरीच उरलेली असेल तर ते काही महिन्यांतच भरून निघते.

कर्ज रेपोशीच जोडलेले असेल, तर फरक स्प्रेडमध्ये शोधावा. बँका नव्या ग्राहकांना अनेकदा कमी स्प्रेड देतात आणि जुन्या ग्राहकाचा तसाच राहतो. आपल्या मंजुरीपत्रावरील स्प्रेड आणि बँक आज नव्या ग्राहकाला देत असलेला स्प्रेड शेजारी ठेवून, कर्ज दुसरीकडे हलवण्याची तयारी लेखी कळवली, तर बँक फरक कमी करते असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे.

मध्येच फ्लोटिंगवरून फिक्स्डवर जाता येते का?

2023 च्या नियमात, दर बदलाच्या वेळी हा पर्याय देणे कर्जसंस्थांवर बंधनकारक होते. ऑक्टोबर 2025 पासून तो द्यायचा की नाही हे संस्थेवर सोपवले आहे. म्हणून तो गृहीत न धरता, कर्ज घेतानाच संस्थेचे धोरण आणि रूपांतराचे शुल्क विचारून ठेवावे. दर शिखरावर असताना घाबरून फिक्स्डवर जाणे बहुधा नुकसानीचे ठरते, कारण त्या दिवशीचा फिक्स्ड दरही शिखरावरचाच असतो. फेब्रुवारी 2023 नंतर ज्यांनी घाईने तसे केले, त्यांना 2025 च्या कपातींचा लाभ मिळाला नाही.

सही करण्यापूर्वी कोणता कागद वाचावा?

ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ मुदतकर्जासोबत मुख्य तथ्यांचे विवरणपत्र द्यावेच लागते. त्यात दराचा प्रकार, मापदंड, स्प्रेड, दर किती महिन्यांनी बदलणार आणि सर्व शुल्क धरून होणारा वार्षिक दर दिलेला असतो. त्यातच एक छोटी नोंद असते, जिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही: मापदंड पाव टक्का हलल्यास हप्ता किती बदलेल आणि हप्त्यांची संख्या किती बदलेल.

30 लाख, 20 वर्षे, 8 टक्के या कर्जात पाव टक्क्याची वाढ म्हणजे हप्त्यात 469 रुपये, किंवा हप्ता तोच ठेवला तर सुमारे 12 हप्ते जास्त. 469 रुपये महिना की शेवटी आणखी एक वर्ष, हा निर्णय त्या ओळीवरून सहीच्या आधीच घेता येतो. 2022 ची वाढ अशा दहा पावक्यांची होती, हे त्या ओळीशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवावे.

निवृत्तीचे वय जवळ असेल तर वेगळा विचार करावा लागतो का?

होय. बहुतेक बँका पगारदाराचे कर्ज निवृत्तीपर्यंतच्या मुदतीतच बसवतात. 45 व्या वर्षी 15 वर्षांचे कर्ज घेणाऱ्याजवळ मुदत वाढवण्याची जागाच नसते. त्यामुळे दर वाढला की थेट हप्ता वाढतो. अशा कर्जदाराने आजच्या दरापेक्षा अडीच टक्के जास्त दराने येणारा हप्ता काढून तो पगारात बसतो का हे पाहावे, आणि बसत नसेल तर भविष्य निर्वाह निधीच्या भरवशावर न राहता कर्जाची रक्कम कमी करावी.